अकरा चुकलेले डोस: क्षयरोग उपचारातल्या समुपदेशनाचा एक प्रकरण अभ्यास

देवगड तालुक्यातल्या एका बंदरालगतच्या उपकेंद्रात माझं सामुदायिक आरोग्य परिचर्येचं प्रात्यक्षिक चालू होतं. त्या काळात हाताळलेलं हे प्रकरण आहे. रुग्णाचं, गावाचं आणि ट्रॉलरचं नाव दिलेलं नाही, आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. औषधं, डोस आणि लक्षणं मात्र जशीच्या तशी आहेत.

रुग्ण आणि उपचार

वय ३८, ट्रॉलरवर खलाशी. घरी आई, बायको, अकरा आणि सात वर्षांची दोन मुलं. बायको बंदरावर लिलावातून मासे घेऊन बाजारात विकते. १ जूनला मासेमारी बंद झाली आणि हा माणूस घरी बसला, तेव्हा खोकला तीन आठवड्यांवर गेलेला आणि संध्याकाळी अंगात बारीक ताप असल्याचं घरच्यांच्या लक्षात आलं. ट्रूनॅट तपासणीत क्षयरोगाचे जंतू सापडले, रिफाम्पिसिनला प्रतिकार नव्हता. एचआयव्ही निगेटिव्ह, साखर ठीक. वजन ४४ किलो.

२५ जूनला उपचार सुरू झाले. पहिला टप्पा ५६ दिवसांचा. यात आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथाम्ब्युटॉल ही चारही औषधं एकाच गोळीत असतात आणि ३५ ते ४९ किलो वजनाच्या माणसाला अशा तीन गोळ्या रोज एकदम घ्यायच्या असतात. दुसरा टप्पा ११२ दिवसांचा. त्यातल्या गोळीत पायराझिनामाइड नसतं, बाकीची तिन्ही असतात. संख्या तीच, रोज तीन.

पहिल्या टप्प्यात आशाताई रोज संध्याकाळी सातच्या सुमारास घरी जायच्या आणि त्यांच्या समोर हा माणूस गोळ्या गिळायचा. ५६ पैकी ५६ डोस झाले. टप्प्याच्या शेवटी थुंकीत जंतू नव्हते, वजन ४७ झालं होतं. २० ऑगस्टपासून दुसरा टप्पा सुरू झाला. हंगाम उघडलेलाच होता. गणपती घरी करून, वैद्यकीय अधिकाऱ्यांची परवानगी घेऊन तो सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात दर्यावर गेला.

दर्यावर आशाताई जाऊ शकत नाहीत. तांडेलाला किंवा सोबतच्या खलाशाला उपचार सहायक करता आलं असतं, पण रुग्णाने साफ नाही म्हटलं. टीबी आहे हे कळलं तर पुढच्या फेरीला आपल्याला घेणार नाहीत, ही त्याची भीती. म्हणून असं ठरलं, की फेरीपुरत्या गोळ्या सोबत न्यायच्या, पहाटे पहिलं जाळं पडायच्या आधी घ्यायच्या आणि परतल्यावर रिकाम्या पट्ट्या आशाताईंकडे जमा करायच्या. किनाऱ्यावर असेल तेव्हा पूर्वीसारखंच, संध्याकाळी सात वाजता.

तक्रार जशी माझ्यापर्यंत आली

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात उपकेंद्राच्या बैठकीत आशाताईंनी सांगितलं, की हा रुग्ण गोळ्या घ्यायला नकार देतोय. उपचार पत्रिकेवर कारणाच्या जागी दोन शब्द होते: ‘रुग्णाचा नकार’, आणि पुढे पेन्सिलने ‘दारू?’. दारूचा संशय येण्याचं कारण होतं. शेजाऱ्यांनी त्याला दोनदा संध्याकाळी लालबुंद चेहऱ्याने आणि तांबारलेल्या डोळ्यांनी अंगणात बसलेला पाहिलं होतं. खलाशी किनाऱ्याला लागला की काय करतो याबद्दल गावाची मतं पक्की असतात, त्यामुळे फार विचारपूस झाली नाही. त्याला दारूवर एक भाषण ऐकवून झालं होतं आणि ते ऐकून तो आणखी बिथरला होता.

दुसरा अंदाजही तयार होता. दर्यावर कोणी बघायला नाही, तिथे गोळ्या बुडणारच. एकदा सवय मोडली की घरीही बुडतात.

पत्रिका आणि पट्ट्या शेजारी ठेवून पाहिल्यावर यातलं काहीच जुळेना. २० ऑगस्ट ते ६ ऑक्टोबर हे ४८ दिवस. त्यात ११ डोस चुकलेले. पण ते विखुरलेले नव्हते आणि त्यातला एकही दर्यावरचा नव्हता. पहिल्या फेरीहून ९ सप्टेंबरला परत आला, तेव्हा काही चुकलं नाही. दुसऱ्या फेरीनंतर १८ आणि १९ तारीख. तिसऱ्या फेरीनंतर २५, २६, २७. चौथ्या फेरीत इंजिनाचं काम निघालं म्हणून ट्रॉलर ३० सप्टेंबरलाच परतला, आणि १ ऑक्टोबरपासून सलग सहा दिवस काहीच नाही. ज्या दिवशी ट्रॉलर धक्क्याला लागतो त्या दिवशी संध्याकाळी आशाताईंसमोर डोस होतो, आणि दुसऱ्या दिवसापासून बंद. दर वेळी खंड वाढत गेलेला.

पट्टीत २८ गोळ्या असतात. रोज तीन घेतल्या की नवव्या दिवशी एक गोळी उरते आणि ती पुढच्या पट्टीतल्या दोघींबरोबर घ्यावी लागते. हा हिशोब घरात बसूनही लोकांचा चुकतो. याच्या पट्ट्यांवर बॉलपेनने तीन-तीन खोबण्यांभोवती रेघ मारलेली होती आणि उरलेल्या एकीला पुढच्या पट्टीचा बाण दाखवला होता. बुडवायच्या गोळ्यांवर कोणी अशा रेघा मारत बसत नाही. रिकामी खोबण म्हणजे गोळी पोटात गेलीच असा पुरावा नव्हे, हे खरं. ती समुद्रातही जाऊ शकते. तरी जिथे बघायला कोणी नाही तिथे नियमित आणि जिथे आशाताई दारात उभ्या तिथे नकार, हे कोडं दारूने किंवा आळसाने सुटणारं नव्हतं.

घरभेट

६ ऑक्टोबरला संध्याकाळी आशाताईंबरोबर घरी गेले. गोळ्यांचा विषय आम्ही काढला नाही. फेरी कशी झाली, इंजिनाचं काय झालं, असं बोलणं झालं. मग त्यानेच सुरुवात केली.

“सिस्टर, दोन म्हयने गोळयो खाल्लंय, काय एक झाला नाय. ह्यो नवीन पट्टो इलो आणि आंग पेटाक लागला. गोळी घेतलंय की तोंड लाल, डोक्यात घण, छातीत धडधड. मगे लोक म्हणतत ढोसून इलो.”

इथे थांबून त्याला काय काय होतं ते क्रमाने विचारलं. गोळी घेतल्यावर अर्ध्या-पाऊण तासात चेहरा, मान आणि छातीचा वरचा भाग गरम होऊन लाल होतो. डोकं ठणकतं, डोळे लाल होतात, खाज सुटते. एकदा जुलाब झाले. तीन-चार तासांत सगळं आपोआप उतरतं, सकाळी काही नसतं. दम लागला नाही, ओठ सुजले नाहीत, तोंड आलं नाही, ताप आला नाही. दर्यावर पहाटे गोळी घेतो तेव्हा? तेव्हा काहीच होत नाही.

त्याच गोळ्या, तेवढ्याच. पहाटे दर्यावर त्रास नाही आणि संध्याकाळी घरी त्रास. तेव्हा वहिनींना विचारलं, “त्या रात्री जेवायला काय होतं?”

त्यांना प्रश्न विचित्र वाटला. ट्रॉलर आला की वाट्याचे बांगडे येतात, त्यांचं तिरफळ घातलेलं तिखलं होतं, दर वेळी तेच असतं. आणि लगेच पुढे: “तेच बांगडे आमी सगळ्यांनी खाल्ले. पोरांका काय एक झाला नाय.”

आशाताई सातला येतात. गोळ्या गिळून झाल्या की पानं घेतात. म्हणजे गोळी आणि बांगडा एकापाठोपाठ पोटात जात होते, आणि बांगडा घरात सगळ्यांनीच खाल्लेला असल्यामुळे दोष उरला तो गोळीकडे. रुग्णाचा तर्क चुकीचा नव्हता. त्याला जन्मात कधी बांगडा बाधला नव्हता, घरात दुसऱ्या कोणाला त्या दिवशीही बाधला नव्हता. त्याच्यात आणि बाकीच्यांत फरक फक्त गोळीचा होता.

नेमकं काय होत होतं

बांगडा, तारली, पेडवे, कुपा, गेदर, सुरमई या जातीच्या माशांच्या मांसात हिस्टिडिन नावाचं द्रव्य भरपूर असतं. मासा मेल्यावर तो थंड ठेवला नाही, तर जिवाणू या हिस्टिडिनचं हिस्टामिन करतात. ऑक्टोबरच्या उकाड्यात याला काही तास पुरतात. मासा वासाला किंवा दिसायला अजून बरा असतानाही त्यात हिस्टामिन वाढलेलं असू शकतं. शिजवून, तळून, खारवून ते जात नाही, कोकम किंवा तिरफळ घालूनही नाही. एकदा तयार झालं की ते राहतं.

थोडं हिस्टामिन आपल्या आतड्यातली विकरं मोडून टाकतात, म्हणून घरातल्या इतरांना काही झालं नाही. आयसोनियाझिड याच विकरांना अडवतं. मग इतरांच्या पोटात निमूट जिरलेलं हिस्टामिन या एकाच्या रक्तात जातं आणि चेहरा लाल होणं, डोकं ठणकणं, धडधड, खाज हा सगळा प्रकार होतो. ही औषधाची अ‍ॅलर्जी नव्हे आणि निव्वळ माशाची विषबाधाही नव्हे. दोन्ही एकत्र आल्याशिवाय ती या प्रमाणात होत नाही.

मग पहिल्या टप्प्यात का झालं नाही? आयसोनियाझिड तर तेव्हाही होतं आणि तेवढंच होतं. पण जून-जुलैत मासेमारी बंद, आणि ऑगस्टमध्ये तो घरीच. घरात सुकट, अंडी, कुळथाची पिठी. ताजा बांगडा नव्हताच. पट्टी बदलली आणि हंगाम उघडला, दोन्ही एकाच महिन्यात. त्याने पट्टीला दोष दिला. नव्या गोळीत तर उलट एक औषध कमी आहे.

आणि दर्यावर का होत नव्हतं? तिथेही तो बांगडा खातच होता, पण जाळ्यातून निघाला की तासाभरात टोपात. घरी येणाऱ्या बांगड्याचा प्रवास वेगळा. ट्रॉलरच्या खणात बर्फाच्या थरात बसतो तो विकायचा माल. खलाशाचा वाटा निवडून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालतात आणि ती पिशवी डेकवर एका बाजूला पडते. मग किनारा, उतरवणं, लिलाव, हिशोब, आणि मग घर. त्याच्याच अंदाजाने सहा-सात तास, बर्फाशिवाय. घरी फ्रिज आहे, पण वीज असेल तेव्हा.

डॉक्टरांकडे

एवढं जुळलं तरी गोळी चालू ठेवा असं त्याच रात्री सांगणं परिचारिकेच्या अखत्यारीत बसत नाही. क्षयरोगाच्या औषधांचे खरे आणि धोकादायक दुष्परिणाम असतात आणि ते आधी बाजूला काढावे लागतात. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं.

डॉक्टरांनी मुख्यतः दोन गोष्टी पाहिल्या. यकृताला सूज आहे का: भूक मरणं, सतत मळमळ-उलटी, डोळे पिवळे, उजव्या बरगडीखाली दुखणं. यातलं काही नव्हतं, आणि बिलिरुबिन व एसजीपीटी दुपारपर्यंत ठीक आले. दुसरं, औषधाची खरी अ‍ॅलर्जी. तिच्यात पुरळ काही तासांत मावळत नाही, दिवसेंदिवस राहतं, बरोबर ताप, तोंडात फोड किंवा साल निघणं असू शकतं, आणि गोळी कुठेही घेतली तरी ते होतं, दर्यावरही. इथे तसं नव्हतं. रिफाम्पिसिननेही काहींना गोळीनंतर दोन-तीन तासांनी चेहऱ्यावर लाली आणि खाज येते, तीही शक्यता डॉक्टरांनी बोलून दाखवली. पण मग तीही मासे असोत-नसोत आली असती.

सात ऑक्टोबरला दुपारी डॉक्टरांच्या समोर, मासे न खाता, तीन गोळ्या दिल्या आणि त्याला संध्याकाळपर्यंत केंद्रातच बसवून ठेवलं. काही झालं नाही. माझ्या मते समुपदेशनाचं अर्धं काम या बसण्याने झालं. आम्ही कितीही समजावलं असतं तरी गोळीने अंग पेटतं हा त्याचा स्वतःचा अनुभव होता आणि तो शब्दांनी पुसला गेला नसता.

चुकलेले ११ डोस बुडीत जात नाहीत. खंड सलग एका महिन्याहून कमी असल्यामुळे उपचार नव्याने सुरू करावे लागले नाहीत. ११२ डोस पूर्ण होईपर्यंत गोळ्या चालतात, म्हणून शेवटचा दिवस ९ डिसेंबरवरून २० डिसेंबरवर गेला. सलग महिना गेला असता तर तो ‘उपचार सोडलेला रुग्ण’ ठरला असता आणि पुन्हा थुंकीपासून सुरुवात झाली असती.

समुपदेशन

तिघे बसलो: रुग्ण, वहिनी आणि मी. आशाताई मुद्दाम थोड्या उशिरा आल्या, कारण दारूच्या भाषणाचा राग अजून निवळला नव्हता. पहिलं वाक्य मी ठरवून गेले होते: “दादा, तुम्हाला त्रास होत होता हे खरं आहे, आणि गोळीचा त्यात हात आहे हेही खरं आहे.” गोळीचा काही संबंध नाही असं सांगितलं असतं, तर ते खोटंही ठरलं असतं आणि पुढचं त्याने ऐकलंही नसतं.

विकर वगैरे शब्द तिथे उपयोगाचे नव्हते. ट्रॉलरच्या तळाशी पाणी झिरपतं आणि पंप ते उपसत राहतो, हे तो रोज बघतो. शिळ्या बांगड्यातलं हिस्टामिन म्हणजे ते झिरपणारं पाणी, शरीराचा पंप ते उपसतो, आणि टीबीची गोळी चालू असेपर्यंत हा पंप मंद चालतो, असं सांगितलं. त्याने लगेच विचारलं, गोळी बंद झाल्यावर पंप सुरू होईल ना? होईल. हा प्रश्न महत्त्वाचा होता, कारण त्याच्या मनात आयुष्यभराचं पथ्य उभं राहत होतं. तोवर तो म्हणालाच होता, “म्हणजे आता मासे सोडूचे? मगे जगूचा कशाक?”

मासे सोडा हा सल्ला इथे चुकीचा ठरला असता. क्षयरोगाच्या रुग्णाला प्रथिनं हवीत आणि या घरात ती मुख्यतः माशांतून येतात. निक्षय पोषण योजनेचे महिन्याला १००० रुपये त्याच्या खात्यात येतात, पण तेवढ्यावर पाच माणसांच्या घरात वेगळा स्वयंपाक होत नाही. म्हणून बोलणं ‘कोणता मासा’ आणि ‘किती वेळ बर्फाबाहेर’ एवढ्यावरच ठेवलं. पापलेट, लेप, कोळंबी यांत हा धोका फार कमी. बांगडा, तारली, पेडवे, कुपा, गेदर, सुरमई हे घरी आणायचे नाहीत. खाल्ले तर दर्यावरच, जाळ्यातून काढल्या-काढल्या. खारवलेला सुका बांगडाही नको, कारण त्यात हिस्टामिन तसंच असतं.

गोळी आणि जेवण यांत अंतर ठेवलं की भागेल का, असं वहिनींनी विचारलं. भागत नाही. रोज आयसोनियाझिड चालू असताना त्याचा परिणाम नुसत्या तासांच्या अंतराने टळेल यावर विसंबता येत नाही. तरी किनाऱ्यावरच्या डोसची वेळ आम्ही सकाळी सहावर नेली. त्याचं कारण वेगळं होतं: रिफाम्पिसिन रिकाम्या पोटी चांगलं शोषलं जातं, आणि दर्यावर व घरी एकच वेळ राहिली की हिशोब तुटत नाही. आशाताईंना सकाळी सहा जड होतं, म्हणून किनाऱ्यावरच्या दिवसांत वहिनी उपचार सहायक झाल्या आणि आशाताई एक दिवसाआड बघायला लागल्या.

वाट्याच्या बांगड्याचं काय करायचं यावर मी थर्मोकोलच्या पेटीत बर्फ घालून नेण्याचा पर्याय मांडला होता. त्याने तो ऐकून हसून सोडून दिला. खलाशी स्वतःची बर्फाची पेटी घेऊन चढला तर अख्खा ट्रॉलर कारण विचारेल. वहिनींनी सोपा मार्ग काढला. वाटा धक्क्यावर येताच त्या आपल्या टोपलीतल्या बर्फावर घेऊन तिथेच विकून टाकणार आणि त्या पैशांत घरासाठी कोळंबी किंवा अंडी. त्यात तांडेलाला काही कळण्यासारखं नव्हतं.

शेवटी, पुन्हा अंग लाल झालं तर काय, हे त्यालाच परत सांगायला लावलं. नुसती लाली, डोकं, खाज: त्या रात्री उपकेंद्राला फोन, काय खाल्लं ते सांगायचं, दुसऱ्या दिवशीची गोळी चुकवायची नाही. दम लागला, ओठ-जीभ सुजली, चक्कर येऊन डोळ्यांपुढे अंधारी आली: १०८ ला फोन करून ग्रामीण रुग्णालय. डोळे पिवळे, सतत उलट्या: गोळी थांबवायची आणि त्याच दिवशी डॉक्टर. लघवी केशरी होते ती रिफाम्पिसिनमुळे, ती वेगळी. पिवळे डोळे आणि मरगळ यांबरोबर गडद लघवी ही वेगळी. या दोन लघव्यांची गल्लत रुग्णच नव्हे, कर्मचारीही करतात.

खंड पडत राहण्याचा धोकाही सांगितला, पण थोडक्यात. अर्धवट औषधाने जंतू निगरगट्ट होतात हे त्याने पूर्वी ऐकलं होतं. त्याला नवी माहिती ही होती, की रिफाम्पिसिन मध्येच सोडून पुन्हा घेत राहिलं तर थंडी-ताप, अंगदुखी असे त्रास उलट अधिक होतात.

दर्यावरच्या गोळ्या कशा तपासल्या

रिकाम्या खोबण्या मोजणं चालूच राहिलं. आठ दिवसांच्या फेरीनंतर २४ खोबण्या रिकाम्या हव्यात. जोडीला एक साधी खूण घेतली: धक्क्याला लागल्यावर त्याने त्याच दिवशी उपकेंद्रात येऊन लघवीचा नमुना द्यायचा. केशरी-तांबूस रंग म्हणजे त्या दिवशीचं रिफाम्पिसिन पोटात गेलंय. ही खूण फक्त शेवटच्या डोसबद्दल बोलते, आदल्या सात दिवसांबद्दल नाही, आणि हे त्याला माहीत नसतं असं मानायचं कारण नाही. पण पट्ट्या, रंग, वजन आणि माणूस स्वतःहून उपकेंद्रात येतो की टाळतो, हे चारही एकत्र पाहिलं की चित्र बऱ्यापैकी खरं निघतं.

समक्ष उपचार या पद्धतीबद्दलही एक गोष्ट इथे नोंदवावीशी वाटते. आशाताईंनी आपलं काम चोख केलं होतं. गोळी त्यांच्या डोळ्यांसमोर गिळली जात होती, पत्रिकेवर खूण होत होती आणि त्या पुढच्या घरी जात होत्या. त्रास त्यानंतर अर्ध्या तासाने सुरू व्हायचा. पत्रिकेत डोसच्या खुणेला जागा आहे, त्यानंतर काय झालं याला नाही, म्हणून तीन आठवडे ते कुणालाच दिसलं नाही.

घरातले बाकीचे

फुप्फुसाचा क्षयरोग असलेल्याच्या घरातल्या सगळ्यांना, त्यांना स्वतःला क्षयरोग नाही याची खात्री करून, प्रतिबंधक उपचार द्यायचे असतात. या घरात ते सुरूच झाले नव्हते; बऱ्या पोरांना गोळ्या कशाला, म्हणून वहिनी टाळत होत्या. मुलांनी बांगडा खाऊन काही न होण्यामागे हेही एक कारण आहे. प्रतिबंधक उपचारातही आयसोनियाझिडच असतं. नवऱ्याचं कोडं सुटल्यावर त्या तयार झाल्या, आणि पहिला डोस देण्याआधी आम्ही माशांबद्दलचं तेच सगळं त्यांच्या आणि आजींच्या बाबतीतही सांगितलं. ते न सांगता गोळ्या सुरू केल्या असत्या, तर पुढच्या बांगड्याला अख्खं घर लाल झालं असतं आणि त्यानंतर त्या घरात कोणी गोळी घेतली नसती.

परिचर्या निदान आणि परिणाम

निदान असं लिहिलं: माशातील हिस्टामिन आणि आयसोनियाझिड यांच्या एकत्रित परिणामामुळे, आणि त्याचा दोष औषधाला दिल्यामुळे, उपचारात वारंवार खंड. ‘ज्ञानाचा अभाव’ हे नेहमीचं निदान मी टाळलं. आपल्याला काय होतंय आणि कधी होतंय हे त्याला आमच्यापेक्षा आधी कळलं होतं.

७ ऑक्टोबरनंतर डोस चुकला नाही. नोव्हेंबरमध्ये एका बारशाला त्याने सुका बांगडा खाल्ला आणि रात्री पुन्हा मान-चेहरा लाल झाला. या वेळी त्याने स्वतः फोन केला, डॉक्टरांनी सांगितलेली सेटिरिझीनची गोळी घेतली आणि सकाळी सहाचा डोस वहिनींसमोर घेतला. २० डिसेंबरला ११२ डोस पूर्ण झाले. शेवटच्या थुंकीत जंतू नव्हते, वजन ४९ किलो.

या निष्कर्षाची मर्यादा अशी, की त्या बांगड्यातलं हिस्टामिन कोणी मोजलं नाही. तालुक्यात ती सोय नाही आणि खाल्लेला मासा उरतही नाही. आमचा आधार म्हणजे वेळ, जागा आणि जेवण यांची जुळणी, गोळी एकटी दिल्यावर काही न होणं, आणि नोव्हेंबरची ती एक रात्र.

उपचार संपल्यावर दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी तपासणी करायची असते. पहिली जूनमध्ये येते, तेव्हा मासेमारी बंद आणि तो घरी असेल. दुसरी डिसेंबरमध्ये, ऐन हंगामात. तिची तारीख पत्रिकेवर न लिहिता, वहिनींनी ट्रॉलर धक्क्याला लागल्यावर आशाताईंना फोन करायचा असं ठरलं आहे.